शब्द कुठे संपतो? तेलुगूतली स्वरसंगती आणि आपले 'घराले'

आपल्याकडच्या मराठी निमंत्रणपत्रिका, बॅनर आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप नीट पाहिले तर एक गोष्ट सारखी दिसते. 'मुलां साठी', 'पांढुर्णा ला', 'मंदिरा जवळ', 'सौंसर मध्ये' असे शब्द तोडून लिहिलेले असतात. आपली मुले हिंदी माध्यमात शिकतात. हिंदीत 'घर में', 'बच्चों के लिए' असे सुटे लिहायचे असते. तोच हात मराठी लिहितानाही वळतो. मग घरातली मोठी माणसे म्हणतात, मराठीत प्रत्यय जोडून लिहितात. मूल विचारते, 'का?' आणि तिथे बहुतेक वेळा उत्तर थांबते.

या 'का'मागे खरा प्रश्न असा आहे : शब्द संपला हे कशावरून ओळखायचे? कागदावर मोकळी जागा असते. बोलताना ती नसते. 'आमच्यागावालाजायचंय' हे आपण एका दमात बोलतो, मध्ये थांबत नाही. मोडी लिपीतले जुने कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चांगले ठाऊक असेल. डोक्यावरची रेघ सलग ओढलेली, अक्षरे एकामागून एक, आणि शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने ओळखायचे. कानाचे कामही नेहमी मोडी वाचण्यासारखेच असते.

प्रत्येक भाषा कानाला काही खुणा देते. त्यातली एक फार सुंदर खूण मराठीत नाही, पण आपल्या शेजारच्या तेलुगूत आहे. तिला स्वरसंगती म्हणतात. ती समजून घेतली की आपल्या मराठीची खूण कोणती, हेही आपोआप स्पष्ट होते.

शेजारची भाषा

तेलुगू आपल्याला वाटते तितकी लांब नाही. पांढुर्ण्याहून जाणारा रेल्वेमार्ग नागपूर, बल्लारशाह करत थेट काझीपेठकडे जातो. महाराष्ट्रातच गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा भागात, तेलुगू घराघरांत बोलली जाते. सोलापुरात पद्मशाली विणकर समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. आपल्या छिंदवाडा भागातली गोंडी ही तर भाषांच्या कुळात तेलुगूच्याच शाखेतली. मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषा नामाच्या मागे प्रत्यय लावतात. फरक आहे तो प्रत्यय लावल्यावर काय होते यात.

आपल्या वऱ्हाडी बोलीतला 'ले' घ्या. घराले, नदीले, पोराले, गावाले. आधी कोणताही स्वर असो, 'ले' हा 'ले'च राहतो. नदीच्या 'ई'ला शोभावा म्हणून कोणी 'नदीली' म्हणत नाही. प्रमाण मराठीतल्या 'ला'चेही तसेच. बदलायचे असेल तर नाम बदलते, प्रत्यय जागचा हलत नाही.

तेलुगूत 'ला' या अर्थाचा प्रत्यय 'कु' आहे. अक्क (मोठी बहीण), अक्ककु म्हणजे अक्काला. अम्म, अम्मकु म्हणजे आईला. कुक्क म्हणजे कुत्रा, कुक्ककु म्हणजे कुत्र्याला. आता वाघ घ्या. वाघ म्हणजे पुलि. वाघाला म्हणजे 'पुलिकु' व्हायला हवे होते, पण म्हणतात 'पुलिकि'. नदि म्हणजे आपली नदीच, शेवटचा स्वर तेवढा ऱ्हस्व. नदीला म्हणजे 'नदिकि'. मनिषि म्हणजे माणूस, माणसाला म्हणजे 'मनिषिकि'. नामाच्या शेवटी 'इ' असली की प्रत्ययातला 'उ' तिच्यासारखा होतो आणि 'कु'चा 'कि' बनतो.

हे एकट्या 'कु'पुरते नाही. कर्माला लागणारा 'नु' हा प्रत्ययही तसाच वागतो : कुक्कनु, पण पुलिनि. परवस्तु चिन्नयसूरि यांच्या 1858 सालच्या 'बालव्याकरणमु' या तेलुगू व्याकरणात हा नियम आहे. इकारानंतर कु, नु, वु यांतल्या उकाराचा इकार होतो, असा त्याचा आशय.

रामाच्या नावावर हा नियम फार छान दिसतो. रामाला असे म्हणायचे तर ग्रांथिक तेलुगूत दोन रूपे चालतात : रामुनिकि आणि रामुनकु. 'नि' घेतला तर पुढे 'कि', 'न' घेतला तर पुढे 'कु'. नाव तेच, अर्थ तोच. फक्त मधला स्वर बदलला आणि त्याबरोबर प्रत्ययाचाही स्वर बदलला.

संधीहून वेगळे काय?

शाळेत आपण संधी शिकलो. सत् अधिक जन म्हणजे सज्जन. 'त्'ला शेजारच्या 'ज'चा गुण लागला. एक ध्वनी दुसऱ्यासारखा होतो याला भाषाशास्त्रात समीभवन म्हणतात. सज्जनमध्ये दोन्ही ध्वनी एकमेकांना खेटून आहेत. 'पुलिकि'त मात्र 'इ' आणि 'इ' यांच्या मध्ये 'क्' बसला आहे. त्याला काही झाले नाही. एका स्वराचा गुण व्यंजन ओलांडून पलीकडच्या स्वराला लागला. म्हणून स्वरसंगतीला दूरचे समीभवन म्हणतात.

हे ओलांडणे होते कसे, ते स्वतः करून पाहता येते. आरशासमोर 'नि' आणि 'नु' आळीपाळीने म्हणा. 'नु' म्हणताना 'न्'चा आवाज सुरू असतानाच ओठ गोल झालेले दिसतील. 'नि' म्हणताना ते पसरट असतात. म्हणजे जिभेचे टोक 'न्'साठी दाताकडे गेलेले असले तरी ओठ आणि जिभेचा मागचा भाग स्वराच्या कामाला आधीच लागलेले असतात. स्वरांचा एक सलग थर असतो आणि व्यंजने त्याच्यावर टाके घातल्यासारखी येतात. स्वीडिश संशोधक ओमान यांनी 1966 साली ध्वनिलेखांची मोजमापे घेऊन हे दाखवले होते. व्यंजनाच्या अलीकडचा आणि पलीकडचा स्वर एकमेकांवर परिणाम करतात, मधल्या व्यंजनाला न जुमानता.

पण इथे एक काळजी घ्यायला हवी. ओठ थोडे आधी गोल होणे हे सगळ्याच भाषांत होते, मराठीतही. त्याला स्वरसंगती म्हणत नाहीत. ती तेव्हाच म्हणायची जेव्हा एक स्वर पूर्णपणे दुसरा स्वर होतो, अक्षरही बदलते, आणि तसे न बोलणारा माणूस चुकला असे त्या भाषेतल्या लोकांना वाटते. 'पुलिकु' हे लिहिण्यातही चूक ठरते.

एक शब्द शेवटपर्यंत चालवून पाहू

आता अनेकवचन. तेलुगूत अनेकवचनाचा प्रत्यय 'लु' आहे. कुक्क, कुक्कलु. सोपे. पण नदि घेतली तर 'नदिलु' होत नाही आणि 'नदिलि'ही होत नाही. होते 'नदुलु'. इथे प्रवाह उलटा आहे. 'कि'मध्ये नामाने प्रत्ययाला आपल्यासारखे केले होते, 'लु'मध्ये प्रत्यय नामाला आपल्यासारखे करतो. काही प्रत्यय नमते घेतात, काही आपला रंग चढवतात. हा त्या त्या प्रत्ययाचा स्वभाव आहे आणि तो तसाच शिकावा लागतो.

हा रंग किती लांब जातो? मनिषि पाहा. माणसे म्हणजे 'मनुषुलु'. शेवटच्या 'लु'ने 'षि'चा 'षु' केला आणि तिथे न थांबता त्याच्याही अलीकडच्या 'नि'चा 'नु' केला. दोन अक्षरे मागे जाऊन त्याने शब्दाचा मधला भाग बदलला. आपल्याला 'मनुष्य' आठवतो, पण तेलुगूतल्या एकवचनात 'नि' आहे आणि अनेकवचनात 'नु', हे 'लु'चे काम आहे.

आणि ते कुठे थांबते? मांजर म्हणजे पिल्लि. मांजरी म्हणजे 'पिल्लुलु'. 'ल्लि'चा 'ल्लु' झाला, पण पहिल्या 'पि'चा 'पु' झाला नाही. शब्दाचे पहिले अक्षर तेलुगूत राखीव आहे. तिथला स्वर या खेळात भाग घेत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामी येणार आहे.

आता नद्यांना असे म्हणू. नदि, नदुलु, आणि त्याला 'कु'. प्रत्यय लागण्याआधी 'लु'चा 'ल' होतो, जसे आपल्या 'घर'चे 'घरा' होते. मग रूप होते 'नदुलकु'. एकवचनात नदिकि आणि अनेकवचनात नदुलकु. 'कु'चा 'कि' का झाला नाही? कारण आता त्याच्या आधी 'इ' उरलेलीच नाही. 'लु'ने ती आधीच 'उ' करून टाकली. प्रत्यय ज्या क्रमाने लागले त्याच क्रमाने स्वर ठरत गेले. 'नदिकि' ऐकणाऱ्याला दोन्हीकडे 'इ' ऐकू येते, 'नदुलकु' ऐकणाऱ्याला एकही 'इ' ऐकू येत नाही.

क्रियापदांत हे आणखी ठळक आहे. अडुगु म्हणजे विचार. अडिगि म्हणजे विचारून. अडगनु म्हणजे मी विचारणार नाही. पहिला 'अ' तिन्हींत कायम आहे, मधला स्वर मात्र पुढच्याचे बघून उ, इ, अ असा बदलतो. भद्रिराजु कृष्णमूर्ति यांनी 1961 साली तेलुगू धातूंवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यानंतर द्रविड भाषांचा अभ्यास करणाऱ्यांना तेलुगू धातूंची घडण अशी तपशिलाने पाहता आली.

मग शब्द कुठे संपतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'पुलि' नंतर 'कु' आला तर त्याचा 'कि' होतो. पण 'पुलि' नंतर 'कुक्क' आला तर? 'पुलि, कुक्क' म्हणजे 'वाघ, कुत्रा' असे एका दमात, मध्ये न थांबता म्हटले तरी कोणी 'पुलि किक्क' म्हणत नाही. ध्वनी अगदी तेच आहेत : पुलि आणि पुढे कु. पहिल्या वेळी 'कु' त्याच शब्दाचा भाग होता म्हणून बदलला. दुसऱ्या वेळी तो नव्या शब्दाचे पहिले अक्षर होता म्हणून बदलला नाही. बदल झाला की नाही यावरून शब्दाची सीमा कळली.

उलट दिशेनेही पाहू. जंगल म्हणजे अडवि. जंगले म्हणजे अडवुलु, 'वि'चा 'वु' झाला. आता रानातला वाघ : अडवि पुलि. त्याचे अनेकवचन : अडवि पुलुलु. दुसऱ्या शब्दात सगळीकडे 'उ'च 'उ' आहे, आणि 'वि'च्या अगदी पुढे 'पु' आहे. तरीही 'अडवु पुलुलु' होत नाही. 'लु'चा रंग 'पुलि'च्या पहिल्या अक्षरापाशी थांबतो आणि शेजारच्या शब्दात शिरत नाही. आपल्या संत्र्याच्या बागांत शिरणारे रानडुक्कर म्हणजे अडवि पंदि. त्यांचा कळप झाला तर अडवि पंदुलु. 'पंदि' बदलला, 'अडवि' जसाच्या तसा.

म्हणजे स्वरसंगती ही शब्दाभोवतीच्या कुंपणासारखी आहे. मूळ शब्द आणि त्याचे प्रत्यय कुंपणाच्या आत. दुसरा स्वतंत्र शब्द, मग तो समासाने अगदी चिकटलेला का असेना, कुंपणाबाहेर.

हे तेलुगूपुरते मर्यादित नाही, हे तुर्कीत पाहता येते. स्वरसंगतीचे नाव निघाले की भाषाशास्त्रात सर्वांत आधी तिचेच उदाहरण देतात. तुर्कीत स्वरांचे दोन गट आहेत. ए, इ हे जिभेच्या पुढच्या बाजूचे. आ, ओ, उ हे मागच्या बाजूचे. बाबा म्हणजे वडील. अनेकवचन बाबालार, 'वडिलांपासून' म्हणजे बाबालारदान. देदे म्हणजे आजोबा. अनेकवचन देदेलेर, 'आजोबांपासून' म्हणजे देदेलेरदेन. प्रत्यय दोन्हीकडे तेच आहेत, फक्त रंग बदलला. आणि तुर्कीत प्रत्यय एकामागून एक लागत जातात. एव म्हणजे घर. एवलेरिमिझदेन म्हणजे 'आमच्या घरांमधून'. घर, अनेक, आमच्या, मधून असे चार तुकडे, पण पहिल्या 'ए'चा रंग शेवटच्या 'देन'पर्यंत पोचला.

मूळ शब्द आधी आणि प्रत्यय मागून, अशी रचना असलेल्या भाषेत याचा मोठा उपयोग होतो. रंग कोणता ते ऐकणाऱ्याला सुरुवातीलाच कळते. तो रंग चालू आहे तोवर शब्द चालू आहे असे धरता येते. रंग बदलला की बहुधा नवा शब्द सुरू झाला.

समासातही तेच दिसते. तुर्कीत काळा समुद्र म्हणजे कारादेनिझ. कारा म्हणजे काळा, देनिझ म्हणजे समुद्र. पहिल्या भागात मागचे स्वर, दुसऱ्यात पुढचे. एका नावात दोन्ही गट आले, कारण ते मुळात दोन शब्द आहेत. 'काळ्या समुद्रात' म्हणताना प्रत्यय 'दे' लागतो, 'दा' नाही. प्रत्यय 'देनिझ'चे ऐकतो, 'कारा'चे ऐकत नाही. मुस्तफा केमाल यांना 1934 साली मिळालेले अतातुर्क हे आडनावही असेच दोन शब्दांचे आहे, 'अता' आणि 'तुर्क'.

कान ही खूण खरोखर वापरतो का, याचीही परीक्षा झाली आहे. फिनिश भाषेतही स्वरसंगती आहे. सुओमी, मॅक्वीन आणि कटलर या तिघांनी 1997 साली फिनिश लोकांना निरर्थक ध्वनींत लपवलेले शब्द ऐकवले. त्यातला एक शब्द म्हणजे हसू या अर्थाचा 'ह्यूम्यू'. त्याच्या आधी एकदा 'पू' हे अक्षर जोडले आणि एकदा 'प्यू'. 'प्यू'चा स्वर 'ह्यूम्यू'शी जुळतो, 'पू'चा जुळत नाही. जिथे स्वर जुळत नव्हता तिथे लोकांनी लपलेला शब्द जास्त लवकर ओळखला. विसंगती ऐकू येताच कानाने ठरवले की इथून नवा शब्द सुरू झाला.

या खुणेच्या मर्यादा

ही खूण अचूक यंत्रासारखी चालते असे मात्र समजू नये. पहिली गोष्ट, स्वर जुळला म्हणजे शब्द एकच, असे नाही. 'पुलि' नंतर योगायोगाने 'पिल्लि' आली तर स्वर जुळतात, पण शब्द दोनच. स्वर बदलला, म्हणजे प्रत्ययाने नामाला किंवा नामाने प्रत्ययाला वळवले, तरच ते एका कुंपणातले म्हणता येते.

दुसरी गोष्ट, दीर्घ स्वर दाद देत नाहीत. लारी म्हणजे आपला ट्रक. तेलुगूत अनेकवचन लारीलु होते, 'लारुलु' नाही. 'नदि'ची ऱ्हस्व 'इ' वाकते, 'लारी'ची दीर्घ 'ई' वाकत नाही. 'आत' या अर्थाचा 'लो' हा प्रत्ययही दीर्घ आहे, म्हणून 'नदिलो' म्हणताना काहीच हलत नाही. 'य'ला चिकटलेली 'इ'ही टिकते : अब्बायि म्हणजे मुलगा, अब्बायिलु म्हणजे मुलगे. अशा ठिकाणी कानाला दुसऱ्या खुणांवर अवलंबून राहावे लागते.

तिसरी गोष्ट, काही जुनी रूपे नियमाबाहेर राहिली आहेत. मला म्हणजे नाकु, तुला म्हणजे नीकु, तुम्हाला म्हणजे मीकु. तेलुगू गाण्यांमुळे 'नीकु' अनेकांच्या कानावर असेल. तिथे 'ई' नंतरही 'कु'च आहे. शिवाय आंध्रच्या किनारपट्टीकडे बोलताना 'अम्मकु'च्या जागी 'अम्मकि' सर्रास ऐकू येते. 'कि' सगळीकडे पसरला की तो स्वर बघून बदलणारा प्रत्यय राहत नाही, आपल्या 'ले'सारखा ठाम प्रत्यय होतो आणि तेवढ्यापुरती कुंपणाची खूण पुसली जाते.

'पाटील'चा 'पाटलाला' : ही स्वरसंगती आहे का?

इथपर्यंत आल्यावर जागरूक वाचक म्हणेल, मराठीतही स्वर बदलतातच की. लाकूड, लाकडाला. कापूस, कापसाचा. माणूस, माणसाले. 'लाकूड'मधला 'ऊ' पुढच्या 'डा'मुळे 'अ' झाला, अगदी तेलुगूतल्या 'अडुगु'चा 'अडगनु' झाला तसा. दिसायला फरक नाही.

पण ताडून पाहायची एक सोपी युक्ती आहे. पुढचा स्वर बदलून पाहायचा. स्वरसंगती असेल तर पुढे 'आ' आला की एक परिणाम व्हायला हवा आणि 'ई' आली की दुसरा. 'पाटील' घ्या. पुढे 'आ' आला तर पाटलाला. आता पुढे 'ई' येईल असे रूप घ्या : पाटलीण. इथे स्वरसंगती असती तर पुढच्या 'ई'शी मधली 'ई' आधीच जुळलेली होती, तिला जायचे काहीच कारण नव्हते, 'पाटिलीण' व्हायला हवे होते. पण पाटलाला आणि पाटलीण, दोन्हींत ती गेलीच. म्हणजे मराठीत मधला स्वर पुढच्यासारखा होत नाही. पुढे स्वर असलेला प्रत्यय आला की तो फक्त क्षीण होतो, पुढचा स्वर कोणताही असो. दिसायला सारखे, पण कारण वेगळे. भाषांची तुलना करताना इथेच सर्वांत जास्त घसरायला होते.

मराठीची स्वतःची खूण

मग मराठी कानाला कोणती खूण देते? ती म्हणजे सामान्यरूप. घर, घरा-. मूल, मुला-. पांढुर्णा, पांढुर्ण्या-, बुलढाणा–बुलढाण्यासारखेच. तेलुगूत नाम आणि प्रत्यय यांचे स्वर एकमेकांशी जुळवून घेतात. मराठीत नाम आपला शेवट बदलून प्रत्ययासाठी हात पुढे करते. 'मुलां' एवढेच म्हणून कोणी वाक्य संपवत नाही. ते ऐकताच कान पुढच्या 'ना'ची, 'साठी'ची किंवा 'बरोबर'ची वाट पाहतो. शब्द अजून संपलेला नाही, हे 'मुलां'मधल्या अनुस्वाराने आधीच सांगितलेले असते.

हिंदीतही 'लड़का'चा 'लड़के को' होतो, मग ते सुटे का? हे मुलांना समजावताना एक कसोटी फार उपयोगी पडते. नाम आणि प्रत्यय यांच्या मध्ये काही घालता येते का ते पाहा. हिंदीत 'घर ही में' म्हणता येते, 'घर' आणि 'में' यांच्यामध्ये 'ही' बसतो. मराठीत 'च' मध्ये घालून पाहा : 'घराचत' किंवा 'घराचले' कोणी म्हणणार नाही. 'घरातच', 'घरालेच' असेच म्हणावे लागते. 'च'ला आत जागाच नाही, कारण 'घराले' हे एका कुंपणातले आहे. हिंदीत कुंपणाला फट आहे, मराठीत नाही.

म्हणून 'मुलांसाठी', 'मंदिराजवळ', 'पांढुर्ण्याला', 'सौंसरमध्ये' हे जोडून लिहायचे. ही नुसती शुद्धलेखनाच्या पुस्तकातली शिस्त नाही. आपण बोलताना जिथे शब्द संपवतो तिथेच कागदावर जागा सोडायची, एवढाच तिचा अर्थ. घरातल्या मुलाने पुढच्या वेळी 'घरा ले' असे तोडून लिहिले तर त्याला चूक दाखवण्याऐवजी एवढेच सांगा : मध्ये 'च' घालून दाखव बरं.